शेवटच्या आठवड्यासाठी खिशातली घडी आणि भिंतीवरचा तक्ता

आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांत यंदा बारावीची मुले आहेत आणि त्यांतली बरीच कॉमर्सची. सीबीएसईच्या अकाउंटन्सीचा पेपर जवळ आला की घरात दोन गोष्टी सुरू होतात. पुस्तकातला मजकूर बारीक अक्षरांत छोट्या कागदांवर उतरवायचा आणि मोठ्या चार्ट पेपरवर रंगीत सूत्रे लिहून ती भिंतीला लावायची. कल्पना चांगलीच आहे. पण बहुतेक ठिकाणी त्या कागदांवर जे लिहिले जाते आणि ज्या रीतीने लिहिले जाते, त्याचा पेपरात उपयोग होत नाही. गेल्या वर्षी माझ्या नातीने हे काम केले तेव्हा मी शेजारी बसून पाहिले होते. शिवाय बँकेत असताना सीएआयआयबीच्या परीक्षांसाठी असले कागद मी शर्टाच्या खिशात बाळगले आहेत. त्यातून जे ध्यानात आले ते इथे सविस्तर लिहितो. उदाहरणे अकाउंटन्सीचीच घेतो, कारण विषय बदलला की कागदावरचा मजकूरही बदलतो आणि मला हाच विषय नीट येतो.

आधी एक फरक समजून घेऊ. बँकेत चेक पास करताना आम्ही नमुना सह्यांचे कार्ड पाहून सही ताडून बघत असू. नेहमीच्या खातेदारांच्या सह्या इतक्या पाठ असत की कार्ड न काढताही खरी-खोटी कळे. पण त्यातली एखादी सही कोऱ्या कागदावर काढून दाखवा म्हटले असते, तर एकही जमली नसती. ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. परीक्षेत कोरा कागद समोर असतो, तिथे आठवावे लागते. भिंतीवरचे सूत्र दिवसातून वीस वेळा नजरेखालून गेले की ते ओळखीचे होते, आणि मुलाला वाटते की आपल्याला ते येते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे नेमका लागू पडतो. त्यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे बरेच पुढे गेले. परीक्षेआधी एकच आठवडा उरलेला असतो, म्हणून हे लक्षात ठेवायचे. घडी असो की तक्ता, त्यावर आधी प्रश्न दिसला पाहिजे, मुलाने क्षणभर थांबून मनात उत्तर दिले पाहिजे आणि मगच खरे उत्तर नजरेस पडले पाहिजे. पुढे जे सांगतो ते सगळे यासाठीच आहे.

कागदावर काय घ्यायचे, हे ठरवणे सर्वांत अवघड. पुस्तकातून निवडायला बसले की सगळेच महत्त्वाचे वाटते आणि घडी म्हणजे पुस्तकाची बारीक अक्षरांतली नक्कल होते. त्यापेक्षा सात दिवस आधी एक जुना किंवा नमुना पेपर घड्याळ लावून तीन तासांत सोडवायला सांगा. पुस्तक बंद ठेवायचे. उत्तरे तपासताना जिथे चूक झाली किंवा हात अडखळला, तेवढीच जागा एका कागदावर टिपायची. दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर सोडवायचा. जी गोष्ट दोन्ही वेळा चुकली ती घडीवर नक्की. जी एकदाच चुकली ती जागा असेल तर. जी एकदाही चुकली नाही तिला कितीही महत्त्वाची असली तरी कागदावर जागा नाही. नातीला 'सॅक्रिफायसिंग रेशो म्हणजे जुने प्रमाण वजा नवे प्रमाण' हे लिहायचे होते, कारण पुस्तकात ते चौकटीत छापले आहे. पण तिचे ते कधीच चुकत नव्हते. ते गाळले आणि तेवढी जागा मोकळी झाली.

या विषयाचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो. त्यातले ३६ गुण भागीदारीच्या हिशोबांना, २४ कंपनीच्या हिशोबांना, १२ आर्थिक पत्रकांच्या विश्लेषणाला आणि ८ कॅश फ्लोला. नातीच्या यादीतही भागीदारीचीच भर होती. म्हणून खिशातली घडी भागीदारीची करायची आणि भिंतीवर कॅश फ्लो लावायचा असे ठरले. या वाटणीला गुणांखेरीज आणखीही एक कारण होते, ते तक्त्याच्या वेळी सांगतो.

आता घडी कशी करायची. साधा ए-फोर कागद घ्या, प्रिंटरमध्ये वापरतो तोच. जाड कागदाच्या आठ घड्या नीट बसत नाहीत. कागद टेबलावर आडवा ठेवा. वरची लांब कड खालच्या लांब कडेवर आणून मधोमध घडी घाला आणि उघडा. मग डावी कड उजव्या कडेवर आणून दुसरी घडी घाला आणि उघडा. आता डावी आणि उजवी अशा दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणून आणखी दोन घड्या पाडा. कागद उघडला की आठ सारखे चौकोन दिसतील, वर चार आणि खाली चार. प्रत्येक चौकोन साधारण साडेसात सेंटिमीटर रुंद आणि साडेदहा सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे शर्टाच्या खिशात सहज मावतो.

आता कागद डावीकडून उजवीकडे अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या कडेच्या मधोमध, आडव्या घडीवरून, पुढच्या उभ्या घडीपर्यंतच कात्री चालवा. पुढे जाऊ नका. कागद उघडल्यावर बरोबर मधे, दोन चौकोनांच्या लांबीची एक फट दिसेल. नंतर कागद लांबीच्या मधल्या घडीवर दुमडा, दोन्ही टोके हातात धरा आणि एकमेकांकडे ढकला. मधली फट फुगून उघडते आणि वरून पाहिले तर अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो. तो एका बाजूला पुस्तकासारखा मिटला की आठ पानांची वही तयार. स्टेपल नको, डिंक नको.

या टप्प्यावर लगेच लिहायला घेऊ नका. आधी मिटलेल्या वहीवर पेन्सिलीने १ ते ८ आकडे टाका, मग कागद पूर्ण उघडा. चार आकडे उलटे दिसतील. घाबरू नका, घडीची रीतच तशी आहे. ते चौकोन लिहिताना कागद फिरवून घ्यायचा. आकडे न टाकता लिहिले तर निम्मी पाने उलटी होतात.

पानांची मांडणी अशी. विषम पानांवर, म्हणजे १, ३, ५ आणि ७ वर, फक्त प्रश्न. त्यांची उत्तरे पान उलटल्यावर, म्हणजे २, ४, ६ आणि ८ वर. वही उघडल्यावर दोन आणि तीन ही पाने एकदम दिसतात, पण दोनवर पहिल्या पानाची उत्तरे असतात आणि तीनवर नवे प्रश्न, त्यामुळे प्रश्न आणि त्याचे उत्तर कधीच एकत्र दिसत नाहीत. एका पानावर पाचापेक्षा जास्त प्रश्न घेऊ नका. सिटी बसमध्ये उभे राहून वाचता येईल एवढे अक्षर हवे. बॉलपेन वापरा. जेल पेनची शाई घामाने पसरते आणि पातळ कागदावर मागे उमटते. मागची बाजूही आपल्याला लागणार आहे.

प्रश्न कसा लिहायचा हे एका उदाहरणाने सांगतो. भागीदाराने दरमहा ठरावीक रक्कम उचलली तर उचलीवरचे व्याज, म्हणजे इंटरेस्ट ऑन ड्रॉइंग्ज, काढताना सरासरी महिने घ्यावे लागतात. महिन्याच्या सुरुवातीला उचल असेल तर साडेसहा, मध्यावर असेल तर सहा, अखेरीस असेल तर साडेपाच. तिमाहीला उचल असेल तर हेच आकडे साडेसात, सहा आणि साडेचार होतात. मुले हे सहा आकडे कोष्टक करून लिहितात आणि पेपरात साडेपाच कुठला आणि साडेचार कुठला यात गोंधळतात. नातीच्याही दोन्ही पेपरांत इथेच चूक झाली होती.

वास्तविक कोष्टकाची गरजच नाही. पहिली उचल वर्षअखेरपर्यंत किती महिने बाहेर राहिली आणि शेवटची किती, यांची बेरीज करून निम्मे करायचे, एवढेच. महिन्याच्या सुरुवातीची पहिली उचल १२ महिने बाहेर, शेवटची १ महिना, बेरीज १३, निम्मे साडेसहा. महिन्याच्या अखेरीस पहिली ११ महिने, शेवटची शून्य, निम्मे साडेपाच. तिमाहीच्या सुरुवातीला पहिली १२, शेवटची ३, निम्मे साडेसात. म्हणून घडीवर प्रश्न असा आला: 'दर महिन्याच्या सुरुवातीला १०,००० उचल, दर १२ टक्के. व्याज किती? दर तिमाहीच्या अखेरीस असती तर किती महिने?' आणि उलट बाजूला: 'पहिली + शेवटची, भागिले २. (१२ + १) ÷ २ = ६.५. १,२०,००० वर १२ टक्क्यांनी वर्षाचे १४,४००, त्याचे ६.५ ÷ १२ = ७,८००. तिमाही अखेर: (९ + ०) ÷ २ = ४.५.' सहा आकड्यांच्या जागी एक रीत आली. ती आठवली की सहाही आकडे जागच्या जागी काढता येतात. पाठांतराची यादी दिसली की तिच्यामागे अशी एखादी रीत आहे का ते आधी शोधा. घडीवर ती रीत लिहायची.

प्रश्न 'व्याख्या लिहा' छापाचे नकोत, छोट्या प्रसंगाचे हवेत. 'भागीदारी करारपत्र नाही. एका भागीदाराने फर्मला कर्ज दिले आहे, फर्मला यंदा तोटा झाला. कर्जावर व्याज द्यायचे का?' उत्तर: हो, वर्षाला ६ टक्के. हे व्याज नफ्यातला वाटा नसून फर्मचा खर्च आहे, म्हणून तोटा असला तरी द्यायचे आणि ते प्रॉफिट अँड लॉस अकाउंटला जाते. या एका प्रश्नात १९३२ च्या भागीदारी कायद्यातली तरतूद आणि खर्च व वाटा यांतला फरक, दोन्ही तपासून होतात. तसाच दुसरा: 'फर्म बंद होताना एका देणेकऱ्याने पूर्ण देण्यापोटी फर्मचे यंत्रच नेले. नोंद काय?' उत्तर: काहीच नाही. देणे आणि यंत्र दोन्ही आधीच रिअलायझेशन अकाउंटला गेलेली असतात. मुलांना नोंद करायची इतकी सवय असते की 'काही नाही' हे उत्तर त्यांना सुचतच नाही. असे प्रश्न घडीत हवेतच.

घडी पूर्ण उघडली की मागची बाजू सबंध कोरी असते. तिचा उपयोग एका मोठ्या आकृतीसाठी करायचा. फट बरोबर मधे आडवी असल्याने कागदाचे आपोआप वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग पडतात. आम्ही वरच्या भागात नवा भागीदार येतो तेव्हाचे टप्पे लिहिले आणि खालच्या भागात भागीदार निवृत्त होतो तेव्हाचे, एकाखाली एक जुळवून. वर 'गुडविल: नव्या भागीदाराने आणलेले पैसे, त्याग करणाऱ्यांच्या भांडवलाला जमा', तर त्याच्या बरोबर खाली 'गुडविल: ज्यांचा वाटा वाढला त्यांच्या भांडवलाला नावे, निवृत्त होणाऱ्याला जमा'. वर 'राखीव निधी: जुन्या भागीदारांत, जुन्या प्रमाणात', खाली 'राखीव निधी: निवृत्त होणारा धरून सर्वांत, जुन्या प्रमाणात'. निवृत्त होणारा 'जुन्या'त धरायचा की नाही हा गोंधळ दोन ओळी समोरासमोर आल्या की संपतो. ही बाजू घरी, टेबलावर उघडून बघायची. बसमध्ये ए-फोर कागद उघडून बसणे काही जमत नाही.

एका वहीला लिहिण्यासकट तास-दीड तास पुरतो. एका विषयाला दोनपेक्षा जास्त वह्या करू नयेत असे माझे ठाम मत आहे. तिसरी वही करायला घेतली म्हणजे मूल अभ्यास टाळून कागदकाम करते आहे असे समजा. रंगीत पेनांनी चौकटी काढत बसणे हीही तीच लक्षणे.

आता तक्ता. प्रश्नोत्तरे तक्त्यावर नकोत, ती घडीत आहेत. जिथे मांडणीच लक्षात ठेवायची असते, म्हणजे कुठली ओळ कुठल्या गटात आणि अधिक की वजा, तिथे मोठा कागद उपयोगी पडतो. कॅश फ्लो स्टेटमेंट हे त्याचे उत्तम उदाहरण. त्यात तीन गट असतात: ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग आणि फायनान्सिंग. एकच व्यवहार कधी कधी दोन गटांत येतो, आणि चूक होते ती तिथेच. आधी सांगायचे राहिलेले कारण हेच. जे जागेवरून लक्षात राहते ते भिंतीवर आणि जे प्रश्नातून पक्के होते ते खिशात.

नेहमीचा चार्ट पेपर साधारण २२ बाय २८ इंचांचा मिळतो. आमच्याकडे इंदूरला खजूरी बाजारात पुस्तकांच्या दुकानांतच तो मिळतो. पांढराच घ्या. सहा फुटांवरून सहज वाचायचे तर अक्षर किमान दीड सेंटिमीटर उंच हवे आणि दोन ओळींत तेवढीच मोकळी जागा. हिशोब केला तर कागद उभा धरून त्यावर वीस-एक ओळीच बसतात. त्यापेक्षा जास्त लिहायची इच्छा झाली तर समजा की तक्त्यावर पुस्तक उतरते आहे. अक्षर काळ्या किंवा गडद निळ्या मार्करने. लाल फक्त वजाच्या ओळींना. पिवळा, फिकट हिरवा आणि नारिंगी रंग हातात धरल्यावर छान दिसतात, रात्री ट्यूबलाइटमध्ये सहा फुटांवरून दिसत नाहीत. लिहिताना खाली वर्तमानपत्र ठेवा, मार्कर पलीकडे उतरतो.

आमच्या तक्त्यावर एक व्यवहार मधे मोठा लिहिला होता, तो इथे सोडवून दाखवतो. कंपनीने ८०,००० ला घेतलेले यंत्र, ज्यावर आतापर्यंत ३०,००० घसारा झाला आहे, ते ४२,००० ला विकले. पुस्तकी किंमत ५०,००० उरली होती, म्हणजे तोटा ८,०००. कॅश फ्लोमध्ये हे कुठे येते? दोन ठिकाणी. ऑपरेटिंग गटात ८,००० अधिक, कारण निव्वळ नफा काढताना हा तोटा वजा झाला आहे, पण त्यापायी तिजोरीतून एक रुपयाही गेलेला नाही. आणि इन्व्हेस्टिंग गटात ४२,००० अधिक, कारण प्रत्यक्ष हातात आलेले पैसे तेवढेच. मुले पहिल्या ठिकाणी ८,००० वजा करतात, 'तोटा' हा शब्द वाचून हात तिकडेच जातो. नाहीतर दुसऱ्या ठिकाणी ४२,००० ऐवजी सरळ ५०,००० लिहितात, कारण तोच आकडा नुकताच काढलेला असतो. तक्त्यावर दोन्ही ओळींपासून मधल्या यंत्रापर्यंत बाण काढले होते. डिबेंचरवरच्या व्याजाचेही असेच: ऑपरेटिंगमध्ये अधिक करून परत घ्यायचे आणि फायनान्सिंगमध्ये वजा दाखवायचे. असे दुहेरी व्यवहार तीन-चारच आहेत. तक्ता त्यांच्यासाठीच आहे असे म्हटले तरी चालेल.

पण तक्त्याची एक खोड असते. तीन-चार दिवसांत तो भिंतीचा भाग होतो. घरातल्या कॅलेंडरवर कुठल्या देवाचे चित्र आहे ते पटकन सांगता येते का बघा. तसेच तक्त्याचे होते, डोळे त्यावरून जातात आणि काही वाचत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे झाकण्या. कागदाच्या पट्ट्या कापून, वरच्या कडेला मास्किंग टेप लावून, उत्तराच्या जागांवर लटकवायच्या. आमच्या तक्त्यावर 'अधिक / वजा' ही खूण आणि रक्कम झाकलेली होती, ओळीचे नाव उघडे होते. जाता-येता मनात 'अधिक' म्हणायचे, पट्टी उचलून बघायचे. चुकले तर पट्टीवर पेन्सिलीने एक रेघ. ज्या पट्टीवर दोन दिवस नवी रेघ पडली नाही ती रात्री काढून टाकायची. तक्ता रोज थोडा बदलत राहतो, म्हणून रोज दिसतो. शिवाय कुठल्या पट्ट्या उरल्या आहेत त्यावरून शेवटच्या दोन दिवसांत काय सोडवायचे तेही कळते.

जागा अशी निवडा जिथे मूल रिकामे उभे राहते. दात घासताना बेसिनजवळ, पाण्याच्या फिल्टरशेजारी, जेवायला बसते त्याच्या समोरच्या भिंतीवर. अभ्यासाच्या टेबलासमोर लावू नका. तिथे उदाहरण सोडवताना नजर वर जाते, उत्तर दिसते आणि आठवण्याची मेहनत वाचते. ती वाचायला नको आहे. तक्त्याचा मध्य उभ्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावा. चिकटवायला मास्किंग टेपच वापरा, सेलोटेपने रंगाचे पापुद्रे निघतात आणि मग घरातल्या मोठ्यांचा पेपर सुरू होतो.

एका गोष्टीत मात्र आई-वडील, आजी-आजोबा यांचे काम आहे. बँकेत कुठलीही नोंद एक जण करतो आणि दुसरा तपासून मंजूर करतो. एकाच माणसाने दोन्ही करायचे नाही हा नियम, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. घडीवर एक चुकीची खूण गेली तर मूल ती आठवड्यात पन्नास वेळा पक्की करते. तेव्हा घडी आणि तक्ता तयार झाल्यावर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी एनसीईआरटीचे पुस्तक उघडून प्रत्येक ओळ ताडून बघावी. त्यासाठी अकाउंटन्सी यावीच लागते असे नाही. आकडे जुळतात का, अधिक-वजा तेच आहे का, नावे-जमा उलटे झाले नाहीत ना, एवढे कोणालाही बघता येते. नातीच्या घडीत बुडीत देण्यांची तरतूद रिअलायझेशन अकाउंटच्या चुकीच्या बाजूला गेली होती. ती जमा बाजूला हवी होती. तिच्या आईने ते पकडले, आणि ती बी.एस्सी. आहे. चूक सापडली तर खाडाखोड करून ठेवू नका, तेवढा भाग पांढऱ्या कागदाने झाकून नव्याने लिहा. खोडलेली चुकीची ओळही डोळ्यांत राहते.

या कागदांनी काय होत नाही तेही सांगतो. मोठे उदाहरण बसून सोडवण्याचा सराव यांतून मिळत नाही. सहा गुणांच्या प्रश्नात रिव्हॅल्युएशन अकाउंट, भागीदारांची भांडवल खाती आणि ताळेबंद एकामागून एक जुळवावे लागतात आणि पहिल्यातली चूक शेवटपर्यंत जाते. ते फक्त वहीत सोडवूनच येते. घडी आणि तक्ता हे अभ्यासाच्या दोन बैठकांमधल्या पाच-पाच मिनिटांसाठी आहेत, बैठकांच्या जागी नाहीत. आणि हे सगळे पेपरच्या चार दिवस आधी तयार हवे. आदल्या दिवशी नवी घडी करायला बसले तर ती वापरायला वेळच उरत नाही.

आता शेवटचा आणि सगळ्यांत काळजीचा मुद्दा. परीक्षेच्या खोलीत विद्यार्थ्याजवळ विषयाचा लिहिलेला कागद सापडणे हा गैरप्रकार धरला जातो. त्यातून नक्कल केली नाही, खिशात विसरून राहिला होता, हे सांगून उपयोग होत नाही. पेपर रद्द होण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. आपली घडी तर मुद्दामच खिशात मावेल अशी केलेली असते आणि आठवडाभर खिशातच असल्याने तिचे वजनही जाणवेनासे झालेले असते. म्हणून पेपरच्या दिवशी ती शाळेच्या गणवेशात घालायचीच नाही. सोबत न्यायचीच असेल तर ती सोडायला येणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात असावी. फाटकापाशी मुलाने शर्टाचा आणि पँटचा खिसा, कंपास, प्रवेशपत्राचे प्लास्टिकचे पाकीट आणि पाण्याच्या बाटलीचे कव्हर स्वतः उघडून बघावे. मागच्या बाजूला काही खरडलेले नाही ना म्हणून प्रवेशपत्रही उलटून बघावे. मग आत जावे. पेपर हातात आल्यावर पहिली १५ मिनिटे फक्त वाचायची असतात. लिहायला परवानगी मिळाली की सर्वांत आधी उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर, कच्च्या कामाच्या जागी, 'पहिली + शेवटची, भागिले २' एवढी ओळ उतरवून ठेवावी. घडीतले तेवढेच नातीने बरोबर आत नेले होते, डोक्यातून.